तूप जिरतं, एलडीएल जिरत नाही

‘रोज पळतो ना, मग तूप चालतंय की!’ पहाटे टेकडीवर धावायला येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं रुळलंय की त्याला कुणी अडवतच नाही. सायकलवाले म्हणतात, जिमवाले म्हणतात, रविवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरीवर तुपाची धार सोडणारे तर म्हणतातच. मला या वाक्याला इथेच अडवायचंय. त्यात अर्धं खरं आहे, आणि ज्या अर्ध्यावर हृदय अवलंबून आहे तेच नेमकं खोटं आहे.

खरं अर्धं आधी. सत्तर किलोचा माणूस सहा किलोमीटर धावला की ढोबळ मानाने सव्वाचारशे कॅलरी खर्च होतात. पंचेचाळीस ग्रॅम तुपात सुमारे चारशे कॅलरी असतात. म्हणजे सकाळी सहा किलोमीटर पळायचं आणि दिवसभरात पंचेचाळीस ग्रॅम तूप जास्तीचं खायचं, तर जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटतो. वजन वाढत नाही, पँट घट्ट होत नाही. माणूस निर्धास्त होतो ते इथेच.

पण पळण्याने जळते ती ऊर्जा. तुपातल्या संपृक्त स्निग्धाम्लांनी यकृताला जे करायला लावलं, ते पळण्याने पुसलं जात नाही. रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत जाऊन बसणारं कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं काम मुख्यतः यकृत करतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर खास ग्राहक असतात. आहारात संपृक्त स्निग्ध वाढलं की हे ग्राहक कमी काम करतात, एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि तपासणीत आकडा वर दिसतो. व्यायामाने ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं, एचडीएल थोडं चढतं, रक्तदाब आणि साखर सुधारते. एलडीएलवर मात्र त्याचा परिणाम तुटपुंजा असतो.

म्हणून धावणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये एक ठरावीक चित्र दिसतं: ट्रायग्लिसराइड नव्वद, एचडीएल पंचावन्न, साखर उत्तम आणि एलडीएल १६०-१७०. रिपोर्ट हातात घेतलेला माणूस पहिल्या तीन आकड्यांवर खूश होतो आणि चौथ्याला ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून बाजूला सारतो. घराण्यात असेलही. पण मग तुपाचा डबा आणखी जपून उघडायला हवा. भात-भाकरी जवळजवळ सोडून लोणी-तुपावर राहणाऱ्या सडपातळ, व्यायामी माणसांपैकी काहींचं एलडीएल तर भलतंच वर जातं, आणि तरी त्यांचं पोट सपाट असतं. सपाट पोट हा धमन्यांचा दाखला नव्हे.

आमच्या धावगटातल्या एका मित्राचं उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण हिशोब त्याच्या ताटावरच उलगडला. वय शेहेचाळीस, वजन सत्तर किलो, अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत. वडिलांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. याचं एलडीएल १६८. डॉक्टरांनी तीन महिने आहार सुधारून पुन्हा तपासायला सांगितलं. ‘आहारात सुधारायला आहे काय? बाहेरचं खात नाही, घरी गाईचं कढवलेलं तूप,’ हे त्याचं उत्तर.

आम्ही त्याच्या ओट्यावर स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा ठेवला आणि त्याला नेहमीसारखं वाढून घ्यायला लावलं. सकाळच्या काळ्या कॉफीत तो ‘एक चमचा’ तूप घालतो. चमचा निघाला डाव-चमच्याच्या मधला, वाढपाचा. काट्यावर चौदा ग्रॅम. दुपारच्या दोन भाकऱ्यांवर मिळून दहा. वरण-भातावर आठ. रात्रीच्या पोळ्यांना लावलेलं आठ. झोपताना दुधात पाच. बेरीज पंचेचाळीस. त्याच्या मनातला आकडा होता ‘तीनचार छोटे चमचे’, म्हणजे पंधरा ते वीस ग्रॅम. यात लबाडी कुठेच नव्हती. तूप मोजून वाढायची आपल्याकडे रीतच नाही. मोजलं तर यजमान कंजूष ठरतो.

आता त्या पंचेचाळीस ग्रॅमचं पोट फाडून बघू. तुपात साठ ते पासष्ट टक्के संपृक्त स्निग्ध असतं. म्हणजे तुपातूनच अठ्ठावीस ग्रॅम. घरात म्हशीचं, सहा टक्के फॅटवालं पिशवीचं दूध. दही-चहा धरून याच्या वाट्याला अर्धा लिटर. त्यातून आणखी एकोणीस. भाजी-आमटीतल्या पंचवीस ग्रॅम शेंगदाणा तेलातून चार-पाच. एकूण बावन्नच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी संपृक्त स्निग्धाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. याचा आहार २६०० कॅलरींचा धरला तर मर्यादा येते एकोणतीस ग्रॅमवर. एकट्या तुपानेच ती गाठली होती. दूध आणि तेल त्याच्या वर.

इथे कुणीतरी आजीला पुढे करतोच. ‘आमची आजी तूप खाऊन नव्वद वर्षं जगली.’ आजी जगली, आनंद आहे. पण दुधाचा रतीब घालणाऱ्या कोरडवाहू गावातल्या किती घरांत त्या काळी रोज माणशी पंचेचाळीस ग्रॅम तूप उरत होतं? साजूक तूप सणाच्या पुरणपोळीवर, बाळंतिणीच्या ताटात आणि पाहुण्याच्या भातावर. रोजची फोडणी शेंगदाण्याच्या, करडईच्या, विदर्भात जवसाच्याही तेलाची. परंपरा सांगायची तर सगळी सांगावी, सणाचं ताट उचलून रोजचं म्हणून मिरवू नये.

अभ्यासही पुढे केले जातात. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांचा १९६७ चा अभ्यास मोबाइलवर फिरतो: दूध-तूप खाणाऱ्या उत्तरेकडच्या रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी, तेल खाणाऱ्या दक्षिणेकडच्यांत जास्त. अभ्यास खरा आहे. पण तो दोन प्रदेशांतल्या मृत्यूच्या नोंदींची तुलना करतो. त्या माणसांच्या जेवणातलं एक तूप बदलून बाकी सगळं तसंच ठेवून कुणी पाहिलेलं नव्हतं. तसं पाहण्याचा एक सरळ प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आणि २०१८ मध्ये छापून आला. निरोगी मध्यमवयीन लोकांच्या एका गटाने चार आठवडे रोज पन्नास ग्रॅम लोणी खाल्लं, दुसऱ्याने तेवढंच ऑलिव्ह तेल. चार आठवड्यांनी लोणीवाल्यांचं एलडीएल ऑलिव्हवाल्यांच्या तुलनेत सुमारे पंधरा मिलीग्रॅमने वर होतं. लोणी कढवलं की तूप होतं. पाणी आणि दुधाचे घन पदार्थ जातात, स्निग्धाम्लं तीच राहतात.

म्हणून तूप टाकून द्यायचं का? मुळीच नाही. दिवसाला दोन छोटे, सपाट चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, धावणाऱ्याच्या मर्यादेत आरामात बसतात. एक वरण-भातावर, एक भाकरीवर. चव तिथेच कळते. भाजीच्या फोडणीत, खिचडीच्या कुकरमध्ये आणि कॉफीत घातलेल्या तुपाची चव निम्मी मरते आणि संपृक्त स्निग्ध मात्र पुरेपूर पोटात जातं. आणि पळण्याआधी कॉफीत तूप ढवळायचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. वेगाने पळताना स्नायूंना हवी असते साखर, आणि तिच्यासाठी केळं किंवा दोन खजूर पुरतात.

आता वळू या शेंगदाण्याच्या तेलाकडे. मराठी घरातल्या या तेलावर गेल्या काही वर्षांत फार अन्याय झालाय. कुणी म्हणतं पित्त होतं, कुणी म्हणतं जड. त्याची घडण बघा: संपृक्त सतराअठरा टक्के, एकअसंपृक्त पन्नासच्या आसपास, बहुअसंपृक्त तीसएक टक्के. तुपाची जागा या तेलाने घेतली की एलडीएल उतरतं, कारण असंपृक्त स्निग्धाम्लं यकृताच्या त्या ग्राहकांना दाबत नाहीत. फोडणीला तापमान झेपतं, चव आपल्या आमटी-भाजीची आहे, आणि ते आपल्याच भुईमुगाचं आहे. त्याच्यात एकच ठळक उणीव: ओमेगा-३ जवळजवळ नाही. तिच्याकडे पुढे येतो.

घाण्याचं की रिफाइंड, हा वाद मात्र हृदयाच्या दृष्टीने अनेकांना वाटतो तेवढा मोठा नाही. लाकडी घाण्याच्या तेलाला वास आहे, चव आहे, थोडं जास्त ई-जीवनसत्त्व आहे. स्निग्धाम्लांचं प्रमाण दोन्हींत सारखंच. घाण्याच्या तेलासाठी दुप्पट पैसे मोजणाऱ्याने ते चवीसाठी मोजावेत आणि मग त्याच चवीमुळे कमी तेलात भागवावं. एक काळजी मात्र घाण्याच्याच तेलाची: दाणे बुरशी लागलेले असतील तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन तेलात उतरू शकतं, आणि घाण्यावर ते काढून टाकण्याची सोय नसते. त्याचा धोका यकृताला. म्हणून ओळखीचा घाणा असेल तर दाणे आधी बघून यावेत. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे दाणे पोत्यात दिसले तर तेल कितीही खमंग असो, घेऊ नये.

भेसळीचा प्रश्न आला की कुणीतरी फ्रिजची परीक्षा सांगतं: बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गोठलं तर पामतेल. ही परीक्षा सोडून द्या. शुद्ध शेंगदाणा तेलही फ्रिजमध्ये घट्ट होतं, ऑलिव्हही होतं. त्यापेक्षा पिशवीची मागची बाजू वाचा. मिश्र तेल असेल तर कोणतं तेल किती टक्के हे छापणं बंधनकारक आहे. आणि पामतेल खरंच शोधायचं असेल तर ते फरसाणच्या, खारीच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांवर शोधा. तिथे ‘पामोलिन’ किंवा ‘खाद्य वनस्पती तेल (पाम)’ असं लिहिलेलं असतं. पामोलिनमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक संपृक्त स्निग्ध असतं. तूप सोडून संध्याकाळी चहाबरोबर खारी खाणाऱ्याने एका दाराने बाहेर काढलेलं दुसऱ्या दाराने आत घेतलेलं असतं.

ऑलिव्ह तेलाचं प्रस्थ कुठून आलं ते बघितलं पाहिजे. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ या चाचणीत सुमारे साडेसात हजार माणसांना काही वर्षं पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. माणसांची गटवारी काही ठिकाणी नीट झाली नव्हती म्हणून ते मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्तीसह पुन्हा छापले गेले. कमी स्निग्ध खा असा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा, भूमध्य समुद्राकाठचा आहार आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल घेणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, आणि त्यातला मोठा वाटा पक्षाघात टळण्याचा होता. त्या घरांना आठवड्याला एक लिटर तेल फुकट दिलं जायचं. ते टोमॅटो, पालेभाज्या, कडधान्यं आणि माशांबरोबर पोटात जायचं.

यातून ऑलिव्ह तेल उत्तम आहे एवढं सिद्ध होतं. ते शेंगदाणा तेलापेक्षा सरस आहे, हे सिद्ध होत नाही, कारण तशी तुलना तिथे झालीच नाही. शिवाय त्याच चाचणीत तिसरा गट होता, रोज तीस ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट खाणारा. त्याचाही फायदा तेलवाल्यांच्या जवळपास तेवढाच होता. या बातमीची जाहिरात आपल्याकडे कुणी केली नाही.

आणि आपल्याकडे विकलं जातं काय? ‘भारतीय स्वयंपाकासाठी’ म्हणून स्वस्तात येणारी ऑलिव्हची मोठी बाटली बहुतेक वेळा पोमेस असते. ऑलिव्ह दाबून तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं, मग रिफाइन केलेलं तेल. स्निग्धाम्लं ऑलिव्हचीच असतात, त्यामुळे ते घातक नाही. पण ज्या कडसर, घशाला चुरचुरणाऱ्या द्रव्यांसाठी एक्स्ट्रा व्हर्जिनचं नाव आहे, ती त्यात जवळजवळ उरलेली नसतात. पोमेस घेऊन कांदेपोहे करणाऱ्याने शेंगदाण्याच्या तेलाच्या वरचे पैसे बाटलीवरच्या चित्रासाठी मोजले, असं मी स्पष्ट म्हणेन. परवडत असेल आणि चव आवडत असेल तर छोटी, गडद काचेची एक्स्ट्रा व्हर्जिनची बाटली घ्या, तारीख बघून घ्या, आणि काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या छोल्यांवर, टोमॅटोवर कच्चंच घाला. मंद आचेवर भाजी परतली तरी ते बिघडत नाही. पण फोडणीत मोहरी-हिंगाखाली त्याचा वास हरवतो.

मोहरीच्या तेलाशी आपलं नातं लोणच्यापुरतं आणि लहान मुलाच्या मालिशपुरतं. बंगाल-बिहारमध्ये ते रोजचं आहे. त्यात संपृक्त स्निग्ध बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तूप, शेंगदाणा, ऑलिव्ह आणि मोहरी या चौघांत सर्वात कमी. आणि शेंगदाण्यात नसलेलं ओमेगा-३ त्यात आहे, दोन मोठ्या चमच्यांत एक ग्रॅमहून अधिक. हे त्याचं बळ. त्याच्यावरचा आक्षेप युरुसिक आम्लाचा. आपल्या मोहरीच्या तेलात ते चाळीस टक्क्यांच्या वर असू शकतं. उंदरांना असं तेल भरपूर खायला घातलं तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूत चरबी साचली, आणि म्हणून अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटल्यांवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापलेलं असतं. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना देशी दुकानात ते वाचून दचकायला होतं. उंदरांच्या शरीरात हे आम्ल मोडण्याची क्षमता कमी असते, आणि मोहरीचं तेल खाणाऱ्या माणसांत तशी इजा दिसून आलेली नाही. उलट दिल्ली आणि बंगळूरच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना करणाऱ्या, २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात मोहरीचं तेल वापरणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला होता. पण तोही तुलनेचाच अभ्यास, प्रयोग नव्हे. ज्या कसोटीवर मी तुपाचा रेल्वे अभ्यास बाजूला ठेवला, त्याच कसोटीवर हाही जपून घ्यायला हवा.

माझं मत असं की मोठ्या माणसाने मोहरीचं तेल दोन तेलांपैकी एक म्हणून खुशाल वापरावं. घरातलं एकमेव तेल करू नये आणि अगदी लहान मुलांना रोजचं देऊ नये. घ्यायचं ते सीलबंदच. सुट्या मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ होऊ शकते. त्या बिया दिसायला मोहरीसारख्याच. १९९८ मध्ये दिल्लीत या भेसळीने पाय सुजण्यापासून हृदय निकामी होण्यापर्यंत मजल गेली आणि साठाहून अधिक माणसं दगावली.

आणि मोहरीचा झणका घरात कुणालाच सोसत नसेल तर तो सोसायची सक्ती नाही. शेंगदाणा तेलातली ओमेगा-३ ची उणीव जवसाची चटणी भरून काढते. मोठा चमचाभर कुटलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ असतं, म्हणजे पुरुषाची दिवसाची गरज जवळजवळ पुरी. जवस मंद भाजायचं, थंड झाल्यावर लसूण-तिखट-मीठ घालून कुटायचं, आणि आठवड्यापुरतंच करून घट्ट बरणीत ठेवायचं, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं. अख्खं जवस गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

मित्राच्या ताटाकडे परत येतो. बदल मोजकेच केले. तूप पंचेचाळीसवरून दहा ग्रॅम. म्हशीच्या दुधाऐवजी तीन टक्क्यांचं टोन्ड, प्रमाण तेच अर्धा लिटर. शेंगदाणा तेल पंचवीसवरून तीस. दुपारी मूठभर, तीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे. ताटात जवसाची चटणी. दुपारी मटकीची एक वाटी उसळ वाढली, रात्री एक पोळी. एवढं खाणं वाढवावंच लागलं, नाहीतर कॅलरी घटून वजन उतरलं असतं आणि त्याच्या पळण्यावर परिणाम झाला असता. संपृक्त स्निग्ध बावन्नवरून चोवीस-पंचवीस ग्रॅमवर आलं.

तिसऱ्या आठवड्यात गडबड झालीच. तूप गेल्याची भरपाई त्याने संध्याकाळच्या टोस्टने आणि पळून आल्यावरच्या साबुदाणा खिचडीने सुरू केली. संपृक्त स्निग्धाच्या जागी मैदा आणि साबुदाणा आला तर एलडीएल थोडंसं उतरतं खरं, पण ट्रायग्लिसराइड चढतं आणि हृदयाला फायदा मिळत नाही. फायदा मिळतो जागा तेलबिया, असंपृक्त तेलं, कडधान्यं आणि भाकरीसारखं अख्खं धान्य घेतं तेव्हा. टोस्ट बंद केला, शेंगदाणे डब्यात भरून ऑफिसात दिले.

दुसरी चूक त्याच्या घरातल्यांची होऊ घातली होती. ‘शेंगदाणा तेल चांगलं’ एवढंच ऐकून किटली सैल सुटली. तेल कुठलंही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० च्या शिफारशीत बैठ्या कामाच्या पुरुषाला तेल-तूप मिळून दिवसाला पंचवीस ग्रॅम, मध्यम श्रमाच्या पुरुषाला तीस आणि कष्टकऱ्याला चाळीस. स्त्रियांना अनुक्रमे वीस, पंचवीस आणि तीस. तासभर पळून उरलेला दिवस खुर्चीत बसणारा माणूस मध्यम गटात येतो. दिवसभर ऊस तोडणाऱ्याचं माप त्याने स्वतःला लावू नये. माझा मित्र तेल आणि तूप मिळून चाळीसवर आहे. वजन स्थिर आहे आणि आठवड्याला पन्नास किलोमीटर होतात म्हणून मी ते मान्य केलं, पण त्याच्या वर नाही.

घराचं माप काढायला काटा लागत नाही. महिन्याला किती तेल-तूप आलं ते पाहा. लिटरभर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी अडतीस ग्रॅम झाले, तेही तूप न धरता आणि बाहेरचा वडापाव न धरता. दोन मोठी माणसं मध्यम श्रमाची आणि दोन कॉलेजला जाणारी मुलं धरली तर सव्वातीन-साडेतीन लिटर पुरायला हवं, आणि तेही तुपासकट. महिन्याच्या पहिल्या तारखेला डब्यावर मार्करने तारीख घाला. संपला त्या दिवशी भागाकार करा.

तळणाचं उरलेलं तेल हा आणखी एक चोर. पुऱ्या तळून उरलेलं तेल पुन्हा तळायला, मग तिसऱ्यांदा वड्यांना, असं चालतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपाहारगृहांसाठी मर्यादा घातली आहे: तेलातली तुटून तयार झालेली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं. घरी ते मोजता येत नाही, पण खूण कळते. तापवताना फेस येऊन विरत नाही, रंग काळपट होतो, कढईच्या कडेला चिकट पापुद्रा धरतो, आधीपेक्षा लवकर धूर येतो. यातलं एक जरी दिसलं तरी ते तेल संपलं. एकदा तळून उरलेलं गाळून दोनतीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावं, पुन्हा तळणाला घेऊ नये.

तीन महिन्यांनी मित्राचं एलडीएल आलं १४९. एकोणीसने उतरलं. तो हिरमुसला, त्याला वाटलं होतं शंभरच्या खाली जाईल. मला मात्र हा आकडा अपेक्षितच होता. आहाराच्या कित्येक चाचण्या एकत्र करून काढलेलं गणित असं आहे की एकूण ऊर्जेतला एक टक्का संपृक्त स्निग्धाकडून असंपृक्त स्निग्धाकडे वळवला तर एलडीएल दीड ते दोन मिलीग्रॅमने उतरतं. ती जागा धान्याने घेतली तर थोडं कमी. याच्या आहारात जवळपास दहा टक्के संपृक्त स्निग्ध बाहेर गेलं आणि त्याची जागा दोन्हींनी मिळून घेतली. पंधरा ते वीस उतरायला हवं होतं, तसंच उतरलं.

तेल बदलण्याची ताकद एवढी आहे आणि तिची हद्दही एवढीच. वडिलांचा लवकर आलेला झटका आणि अजूनही १४९ वर असलेलं एलडीएल घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी लिपोप्रोटीन(ए) नावाची तपासणी सांगितली. ती आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते, कारण ती पातळी जवळजवळ सगळी आनुवंशिक असते आणि तिच्यावर तूप-तेलाचा फारसा परिणाम होत नाही. गोळी सुरू करायची की नाही हे त्या रिपोर्टनंतर ठरेल. गोळी लागली तरी तुपाचे दोन सपाट चमचे दोनच राहतील, आणि पळणंही चालू राहील. पळताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा नेहमीच्या चढावर नको इतका दम लागला तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठायचा, हे त्याच्या बायकोने दोन्ही मुलांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.